कांदेपोहे, लिंबाची फोड आणि शेजारचा चहा

पाहुणे आले की आपल्याकडे काय होतं ते सांगायला नको. पोह्यांची बशी येते, वर ओलं खोबरं आणि कोथिंबीर, कडेला लिंबाची फोड. बशी अर्धी होते न होते तोच चहाचा कप येतो. जेवणातलं लोह अंगात कसं शिरतं आणि कसं शिरत नाही, याची जवळजवळ सगळी गोष्ट या एका बशीत आणि एका कपात सापडते. म्हणून तिथूनच सुरू करतो.

आधी बशीत लोह किती ते पाहू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय पदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांनुसार १०० ग्रॅम पोह्यांत साधारण साडेचार मिलिग्रॅम लोह असतं. भरपूर बशीला ७५ ग्रॅम कोरडे पोहे लागतात असं धरलं तर सव्वातीन मिलिग्रॅमच्या आसपास झाले. त्यात शेंगदाणे, कांदा, कोथिंबीर मिळवली की हिशेबाला सोपं म्हणून चार मिलिग्रॅम धरू.

आता गरज किती? पाळी येणाऱ्या वयातल्या सर्वसाधारण स्त्रीच्या रक्तात दिवसाला सव्वा मिलिग्रॅमच्या आसपास लोह नव्याने जायला हवं. त्यातलं पाऊण मिलिग्रॅम त्वचा, आतडं, घाम यांतून जे रोज झडतं ते भरून काढण्यासाठी, आणि उरलेलं पाळीत गेलेल्या रक्तासाठी. एक मिलिलिटर रक्तात जवळपास ०.४ मिलिग्रॅम लोह असतं. महिन्याला ३० ते ४० मिलिलिटर रक्त गेलं तर तेवढ्यानेच बारा ते सोळा मिलिग्रॅम गेले, म्हणजे दिवसाला अर्धा मिलिग्रॅम. ज्यांची पाळी जास्त जाते त्यांची गरज अर्थातच याहून बरीच मोठी.

सव्वा मिलिग्रॅम लागतं आणि एका बशीतच चार आहेत, मग अडचण कुठे आहे? २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्या सगळ्यांचं कारण लोहच असतं असं नाही, पण मोठा वाटा त्याचा आहे. आणि या बायका उपाशी राहतात म्हणून हे होतं, असं बहुतेक घरांत म्हणता येणार नाही. लोह पोटात जातं, पण रक्तात पोचत नाही. आपल्या भाकरी-पोळी-भात-वरणाच्या जेवणातलं स्त्रियांच्या अंगी लागणारं लोह आपल्याकडचे पोषणतज्ज्ञ हिशेबाला आठ टक्के धरतात. शंभर खाल्ले तर आठ आत. म्हणूनच २०२० च्या शिफारशीत स्त्रीची सरासरी गरज दिवसाला १५ मिलिग्रॅम दिली आहे आणि जवळपास सगळ्याच स्त्रियांची गरज भागावी म्हणून सांगितलेला आकडा थेट २९ आहे. १५ चे आठ टक्के काढा, वरचाच सव्वाच्या आसपासचा आकडा येतो.

या हिशेबाने आपल्या बशीतल्या चारांपैकी ०.३२ मिलिग्रॅम आत जाईल. चहा, लिंबू, दूध यांनी जे काय होतं ते या ०.३२ चं होतं.

दार एक वीतभर

मांस-मासळीतल्या लोहाचा काही भाग हिमोग्लोबिनसारख्या रेणूच्या कवचात बसूनच येतो. त्याला आतड्यात शिरायला वेगळी वाट आहे आणि जेवणात इतर काय आहे याचा त्याला फारसा फरक पडत नाही. धान्य, डाळी, पालेभाज्या यांतलं लोह मात्र उघडं असतं. शेजारी कोण बसलंय त्यावर त्याचं सगळं ठरतं. हे फक्त शाकाहारी घरांपुरतं नाही, बरं का. बुधवार-रविवारी मटण-मासे करणाऱ्या घरातही आठवड्यातलं बहुतेक लोह धान्याडाळींतूनच येतं, तेव्हा पुढचं सगळं त्यांनाही लागू आहे.

हे उघडं लोह जठरातल्या आम्लात विरघळतं. तिथून अन्न लहान आतड्याच्या पहिल्या भागात उतरतं. हा भाग जेमतेम एक वीत लांब, आणि लोह मुख्यतः इथेच शोषलं जातं. पण इथे आम्ल मारलं जातं, आणि आम्ल गेलं की लोहाची जी जात वनस्पतींत जास्त असते ती पाण्यातून बाहेर पडून साका धरते. विळ्यावर चढलेल्या गंजाचीच ही भावकी समजा. शिवाय आतड्याच्या पेशीवरचं दार लोहाची फक्त दुसरी जात घेतं, जिच्यात एक इलेक्ट्रॉन जास्त असतो. म्हणजे लोहाला या वीतभर वाटेत दोन गोष्टी साधाव्या लागतात: विरघळलेलं राहायचं आणि जात बदलायची. जे मागे राहिलं ते पुढे मोठ्या आतड्यात जातं आणि शौचावाटे बाहेर पडतं. त्याला दुसरी संधी जवळजवळ नाही.

दारातून आत गेलं तरी काम संपत नाही. लोह आधी पेशीत थांबतं, आणि तिथून रक्तात सोडायचं की नाही हे यकृत ठरवतं. शरीरात साठा पुरेसा असेल, किंवा कुठे जंतुसंसर्ग वा सूज असेल, तर यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं आणि पेशीचं मागचं दार बंद होतं. आतड्याच्या या पेशींचं आयुष्य चार-पाच दिवसांचं. पेशी झडली की अडकलेलं लोहही तिच्याबरोबर गेलं. उलट साठा रिकामा असेल तर हेप्सिडिन उतरतं आणि तीच बशी कितीतरी जास्त लोह देते. आठ टक्के हा आकडा म्हणूनच दगडावरची रेघ नाही. एकाच पंगतीत बसलेल्या दोघींचे आकडे दोन-तीन पटींनी वेगळे असू शकतात.

चहा

चहात पॉलिफेनॉल नावाची द्रव्यं असतात. चहा जीभ ओढतो तो तुरटपणा त्यांचाच. ती लोहाला घट्ट धरतात आणि जो गोळा तयार होतो तो दारातून आत जात नाही. डोळ्यांनी पाहायचं असेल तर लोखंडी कढईत कोरा चहा थोडा वेळ ठेवा. तो काळानिळा पडतो. जुन्या काळची शाई याच जातीच्या रसायनातून बनायची.

पोटात हे किती होतं याचा आपल्याला जवळचा पुरावा बंगळुरूचा आहे. तिथल्या सेंट जॉन्स संस्थेतल्या संशोधकांनी २००८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही तरुणींना लोहाच्या कमतरतेमुळे रक्तक्षय होता, काहींना नव्हता. सगळ्यांना भाताचं जेवण दिलं. त्यातलं लोह किरणोत्सर्ग नसलेल्या, पण वजनाने ओळखू येणाऱ्या प्रकारचं होतं. दोन आठवड्यांनी रक्त तपासलं की त्यातलं किती लाल पेशींत पोचलं ते कळतं. जेवणाबरोबर एक कप चहा घेतला तेव्हा शोषण सुमारे निम्म्यावर आलं, रक्तक्षय असलेल्यांत तर निम्म्याहून थोडं खाली. दोन कप घेतल्यावर दोन तृतीयांश गेलं. रक्तक्षय असलेल्या मुली एरवी इतरांच्या अडीचपट लोह घेत होत्या, पण चहाने त्यांचीही तेवढीच कापणी केली. शरीर भुकेलं आहे म्हणून चहा दया दाखवत नाही.

म्हणजे आपल्या बशीतले ०.३२ चहाबरोबर ०.१५ वर आले. नाश्त्यातलं अर्धं लोह कपात गेलं म्हणा ना.

यावर नेहमी एक प्रश्न येतो: आपला चहा दुधाचा, मग दुधातली प्रथिनं ही द्रव्यं बांधून ठेवत नाहीत का? मोजून पाहिलं आहे. दूध घातल्याने अडवणूक फारशी कमी होत नाही. पुदिन्याचा काढा, कोको, कॉफी हेही याच माळेचे मणी आहेत. कॉफीचा फटका चहापेक्षा थोडा कमी, इतकंच. गुळाच्या चहाचं तर मला नेहमी हसू येतं. साखरेपेक्षा गुळात लोह आहे हे खरं, पण कपभर चहाला दहा ग्रॅम गूळ लागला तर त्यात अर्धा मिलिग्रॅमही भरत नाही, आणि तेवढंही आपण चहातच बुडवतो. गूळ आवडतो म्हणून घाला. रक्तासाठी म्हणून नको.

पण चहा सोडा असं मी म्हणणार नाही. कोण सोडतंय! आणि सोडायची गरजही नाही, कारण चहाचं भांडण फक्त त्या वेळी पोटात असलेल्या लोहाशी आहे. रक्तात गेलेलं लोह तो बाहेर ओढत नाही. इंग्लंडमध्ये २०१७ साली स्त्रियांवर हेच मोजलं. नाश्त्याबरोबर चहा दिला तेव्हा शोषण एक तृतीयांशाहून जास्त घसरलं. तोच चहा तासाभराने दिला तेव्हा ती घसरण जवळपास दिसली नाही. अमेरिकेत १९८३ साली कॉफीवर झालेला प्रयोग मात्र थोडं वेगळं सांगतो. जेवणाआधी तासभर कॉफी घेतली तर काही बिघडलं नाही, पण जेवणानंतर तासाभराने घेतली तर बरोबर घेतल्याइतकंच नुकसान झालं. त्या प्रयोगातलं जेवण मांस आणि पावाचं, चांगलं जड होतं. माझा अंदाज असा, की फरक पेयाचा नसून जेवणाचा आहे. हलका नाश्ता जठरातून लवकर उतरतो, भरपेट जेवण तासाभरानेही तिथेच असतं. म्हणून मी असं सांगतो: सकाळी उठल्या उठल्या चहा खुशाल घ्या, नाश्ता त्यानंतर तासाभराने करा. नाश्त्यानंतरचा चहा तासाभराने, आणि दुपारच्या जेवणानंतरचा दोन तासांनी. चारचा चहा हा आपल्याकडचा फार शहाणा रिवाज आहे. गडबड होते ती जेवून उठताच घेतलेल्या ‘अर्ध्या कपा’ची.

लिंबाची फोड पुरते का?

व्हिटॅमिन सी नेमकं त्या वीतभर वाटेतल्या दोन्ही अडचणींवर काम करतं. लोहाला जास्तीचा इलेक्ट्रॉन देऊन त्याची जात बदलतं, आणि आम्ल मारलं गेल्यावरही त्याला धरून विरघळलेलं ठेवतं. महत्त्वाचं म्हणजे हे काम त्याला जठरातच सुरू करावं लागतं, चहा किंवा धान्यातलं फायटेट नावाचं द्रव्य लोहाला पकडायच्या आत. त्यामुळे ते त्याच जेवणात हवं. दुपारी वरण-भात खाऊन संध्याकाळी तिखट-मीठ लावलेला पेरू खाल्ला तर पेरू छान लागतो, वरणातल्या लोहाला मात्र त्याचा पत्ताही लागत नाही.

किती हवं? बंगळुरूच्या त्याच अभ्यासात व्हिटॅमिन सीही दिलं होतं. लोहाच्या प्रत्येक कणामागे सीचे दोन कण इतकं दिल्यावर शोषण जवळपास तिपटीच्या घरात किंवा त्याहून वर गेलं. कणांचं वजनात रूपांतर केलं की लोहाच्या सहापट येतं. चार मिलिग्रॅम लोहाला साधारण २५ मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी. फायटेट जास्त असेल, म्हणजे बाजरीची भाकरी किंवा जाड कोंड्याची पोळी असेल, तर त्याच्या दुप्पट धरलेलं बरं.

आता बशीतली ती फोड पाहू. लिंबाच्या रसात १०० मिलिलिटरला साधारण ४५ मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी असतं. फोडीतून निघतो चमचाभर रस, म्हणजे दोन-अडीच मिलिग्रॅम. हवे होते पंचवीस. आख्खं लिंबू पिळलं तरी बारा-चौदा होतील, आणि तेवढे आंबट पोहे कुणी खाणार नाही. लिंबातलं सायट्रिक आम्लही लोहाला थोडी मदत करतं, त्यामुळे फोड फुकट जात नाही. पण ‘लिंबू पिळलं की झालं’ हा समज आकड्यांत टिकत नाही.

टिकतो तो पेरू. १०० ग्रॅम पेरूत दोनशे मिलिग्रॅमच्या वर व्हिटॅमिन सी असतं, म्हणजे मध्यम पेरूचा अर्धा तुकडा पोह्यांबरोबर खाल्ला तरी गरजेच्या चौपट झालं. एक ताजा आवळाही तेवढंच काम करतो. संत्रं चालतं. जेवणात कच्च्या कोबीची वाटीभर कोशिंबीर असेल तर तीही वीस-पंचवीस मिलिग्रॅम देते, टोमॅटोची त्याहून थोडं कमी. कच्ची म्हणण्याला कारण आहे. व्हिटॅमिन सी उष्णतेने आणि हवेने मरतं. कोबीची भाजी करून ती डब्यात चार तास ठेवली, पुन्हा गरम केली, की कच्च्या कोबीचा हिशेब तिला लावता येत नाही. पोह्यांवरही लिंबू आच बंद केल्यावरच पिळायचं. मोरावळ्यावर माझा म्हणून फारसा भरवसा नाही, त्याला पाकात बराच वेळ शिजवलेलं असतं.

बडोद्यात १९८५ साली रक्तक्षय असलेल्या लहान मुलांना दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाबरोबर शंभर-शंभर मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी साठ दिवस दिलं, लोह वेगळं दिलं नाही, आणि त्यांचं हिमोग्लोबिन वाढलं. हे वाचून उत्साह येतो. पण मेक्सिकोतल्या ग्रामीण स्त्रियांचा २००३ चा अनुभवही सांगायला हवा. त्यांना रोज दोन जेवणांबरोबर लिंबाचं सरबत दिलं, प्रत्येक वेळी २५ मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी मिळेल इतकं. लोहाला खूण लावून मोजल्यावर शोषण तिपटीने वाढलेलं दिसलं. आठ महिन्यांनी रक्त तपासलं तर लोहाच्या साठ्यात काहीच फरक नव्हता. एका जेवणातला आकडा आणि महिन्यांचा परिणाम यांत हे अंतर वारंवार दिसतं. माणूस रोज तेच ताट खात नाही, साठा थोडा भरला की यकृत दार ओढून घेतं, आणि ताटात मुळात लोहच थोडं असेल तर थोड्याची तिप्पटही थोडीच असते. म्हणून पेरू हा घसरण थांबवण्याचा उपाय आहे. हिमोग्लोबिन नऊवर आलेलं असताना नुसत्या पेरूने ते भरून निघेल अशी आशा धरू नये.

फायटेटचा उल्लेख वर दोनदा आला. बीज-धान्यं आपलं फॉस्फरस ज्या रूपात साठवतात ते हे द्रव्य, आणि तेही लोहाला धरून बसतं. बाजरीत १०० ग्रॅमला सहा मिलिग्रॅमच्या वर लोह असूनही बाजरी खाणाऱ्या भागात रक्तक्षय असतो, त्यात याचा हात आहे. मोड आणणं, आंबवणं, भिजत घालणं यांनी फायटेट तुटतं. मटकीची उसळ आणि आंबोळी या बाबतीत नुसत्या वरण-भाकरीच्या पुढे आहेत.

दूध, ताक आणि कॅल्शियमची गोळी

कॅल्शियमची तऱ्हा वेगळी. चहा लोहाला बाहेर पकडतो, कॅल्शियमची अडवणूक बहुधा आतड्याच्या पेशीतच होते. म्हणून ते मांसातलं कवचवालं लोहही अडवतं, जे चहाला फारसं जमत नाही. स्वीडनमध्ये १९९१ साली मोजलेले आकडे असे: एका जेवणात चाळीस मिलिग्रॅमपर्यंत कॅल्शियम असेल तर काही होत नाही, तिथून तीनशेपर्यंत अडवणूक वाढत जाते, आणि तीनशेच्या पुढे शोषण निम्म्याच्या आसपास घसरून तिथेच थांबतं.

कपभर दुधात अडीचशेच्या आसपास कॅल्शियम असतं. चहात जे दोन-तीन चमचे दूध पडतं त्यात फार तर तीस-चाळीस. पाणीदार ताकाच्या पेल्यातही बेताचंच. म्हणजे चहाचं पाप दुधाच्या माथी मारू नका आणि जेवणानंतरच्या ताकाला घाबरू नका. खरं सांगायचं तर दुधालाही घाबरायचं कारण नाही. महिनोन्महिने कॅल्शियम घेतलेल्या लोकांत लोहाचा साठा पाहिला तेव्हा त्यात उल्लेखनीय घट आढळली नाही. पेशी काही काळाने जुळवून घेतात असं दिसतं. रक्तक्षय आहे म्हणून मुलीचं दूध-दही तोडणारी घरं असतात, तो मात्र निव्वळ तोटा आहे.

गोळीचं तसं नाही. कॅल्शियमच्या गोळीत एका दमात पाचशे मिलिग्रॅम असतं, आणि ती बहुतेक वेळा लोहाच्या गोळीच्या शेजारी असते.

एक सकाळ, दोनदा

उदाहरणाला एक वहिनी घेऊ. वय चौतीस, ठाण्याहून मुंबईला लोकलने नोकरीला जाते, घर शाकाहारी. हिमोग्लोबिन ९.८, फेरिटिन ८. फेरिटिन म्हणजे लोहाच्या साठ्याची खूण, आणि १५ च्या खाली म्हणजे कोठार रिकामं. डॉक्टरांनी लोहाची एक आणि कॅल्शियमची एक गोळी दिली आहे. तिला ॲसिडिटी होते म्हणून त्याचीही एक गोळी ती स्वतःच्या मनाने रोज घेते. सकाळी सव्वाआठला पोहे, त्याबरोबर चहा, आणि विसरायला नको म्हणून तिन्ही गोळ्या त्याच चहाच्या घोटाबरोबर. दोन महिन्यांनी हिमोग्लोबिन ९.९. ‘मला गोळ्या लागूच पडत नाहीत,’ ती म्हणते.

गोळी लागू पडावी अशी वाटच तिने ठेवलेली नाही. ॲसिडिटीच्या गोळीने लोह विरघळवणारं आम्ल कमी केलं. चहाने लोहाला बाहेर धरलं. कॅल्शियमने आत अडवलं. पोह्यांतल्या लोहाचं जे झालं तेच गोळीतल्या लोहाचं झालं.

आता त्याच सकाळी तेवढ्याच गोष्टी जरा हलवू. सव्वासहाला उठल्यावर चहा, जो तिला हवाच असतो. साडेसातला लोहाची गोळी, नुसत्या पाण्याबरोबर. सव्वाआठला पोहे आणि अर्धा पेरू, चहा नाही. ऑफिसात पोचल्यावर दहाला दुसरा चहा. कॅल्शियमची गोळी रात्रीच्या जेवणाबरोबर. ॲसिडिटीची गोळी खरंच रोज लागते का, हे डॉक्टरांना विचारायचं. पोह्यांतून मिळणारं लोह चहा हलवल्याने ०.१५ वरून पुन्हा ०.३२ वर येतं, आणि पेरूने ते नुसतं दुप्पट झालं असं हात राखून धरलं तरी ०.६५ च्या आसपास जातं. म्हणजे दिवसाच्या गरजेचं निम्मं नाश्त्यातच. आणि साठा रिकामा असल्याने तिचं शरीर याहूनही जास्त ओढून घेईल.

रिकाम्या पोटी गोळीने मळमळलं तर जेवणानंतर घ्यावी. थोडं कमी शोषलं गेलं तरी चालेल, सोडून दिलेली गोळी शून्य देते. सरकारी कार्यक्रमातली गरोदर बाईची लाल गोळी ६० मिलिग्रॅम लोहाची असते. तिच्याबरोबरच्या सूचनांतही कॅल्शियम आणि लोह यांच्यात दोन तासांचं अंतर ठेवायला सांगितलेलं आहे, फक्त ते नीट कुणी समजावत नाही. आणखी एक: एवढा मोठा डोस पोटात गेला की हेप्सिडिन चढतं आणि जवळपास एक दिवस चढलेलं राहतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या गोळीतलं कमी शोषलं जातं. झुरिकच्या संशोधकांनी हे दाखवल्यापासून काही डॉक्टर दिवसाआड गोळी देतात. गरोदर नसलेल्या, पोट बिघडणाऱ्या बाईने डॉक्टरांना हे जरूर विचारावं. शौच काळी झाली तर घाबरू नये, ते न शोषलेलं लोह असतं.

काम होतंय की नाही हे रक्तच सांगतं. गोळी नीट घेतली आणि शोषली गेली तर महिन्याभरात हिमोग्लोबिन साधारण एकाने वाढायला हवं. ते बारावर गेलं की लगेच थांबायचं नाही, कारण तेव्हा फेरिटिन अजून रिकामंच असतं. पुढे तीनेक महिने गोळी चालू ठेवायला सांगतात ते कोठार भरण्यासाठी.

आणि सगळ्या वेळा पाळूनही आकडा हलला नाही तर? मग चहाला दोष देत बसू नये. पाळीत जास्त रक्त जात असेल तर वरून कितीही ओता, खालची गळती आधी पाहायला हवी. पुरुषात किंवा पाळी थांबलेल्या बाईत लोह कमी निघालं तर आतड्यातून कुठे रक्त जातंय का ते शोधावंच लागतं, तिथे आहाराची चर्चा नंतर. शाकाहाऱ्यांत बी-१२ ची कमतरताही बरोबरीने असते. आणि थॅलेसेमियाचा वाहक असलेल्या माणसाच्या लाल पेशी लहान आणि फिकट दिसतात, हिमोग्लोबिन दहा-अकरावर असतं, रिपोर्ट अगदी लोहाच्या कमतरतेसारखा वाटतो, पण फेरिटिन व्यवस्थित असतं आणि लाल पेशींची संख्या उलट जास्त. अशा माणसाला वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या देणं चूक आहे. आपल्याकडे सिंधी, लोहाणा अशा काही समाजांत याचं प्रमाण जास्त आहे. म्हणून गोळीची दुसरी बाटली आणण्याआधी फेरिटिनची तपासणी करून घ्यावी, आणि तीही ताप-सर्दी नसताना. अंगात सूज किंवा संसर्ग असला की फेरिटिन खोटं वर दिसतं.